अळीमिळी गुपचिळी टिकवणं इतकं सोपं नसतं

सध्या फिरत असलेला मेसेज असा आहे:

«कंपन्या एकमेकांच्या स्पर्धक वगैरे काही नसतात. सगळ्यांचे भाव सारखेच असतात, आणखी पुरावा कशाला हवा? एकदा आतून मिळाल्या की मिळाल्या. सगळ्यांचाच फायदा, मग मोडेल कोण? बंद दाराआडचं बोलणं बाहेर कधीच येत नाही. आणि आलंच, तर किरकोळ दंड भरायचा आणि पुन्हा चालू.»

कंपन्या चोरून संगनमत करतात, हे खरंच आहे. त्याला कार्टेल म्हणतात आणि बहुतेक देशांत तो गुन्हा किंवा निदान मोठ्या दंडाचा विषय आहे. माझं भांडण पुढच्या वाक्यांशी आहे. तिथे मेसेज लिहिणाऱ्याने कार्टेल चालवणाऱ्यांना जरा जास्तच हुशार आणि जरा जास्तच एकदिलाचं समजलं आहे. ते दिसण्यासाठी एकच प्रकरण नीट बघू. ते निवडण्याचं कारण साधं आहे: त्यात कोण काय बोललं याचा अंदाज बांधावा लागत नाही, कारण बैठका टेपवर आहेत. काही तर व्हिडिओवर.

प्रकरण लायसिनचं. लायसिन हे अमिनो आम्ल डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात, जनावर लवकर वाढावं म्हणून. साखरेसारखा कच्चा माल जिवाणूंकडून आंबवून ते बनवतात. 1990 पर्यंत हा धंदा मुख्यतः अजिनोमोटो आणि क्योवा हाक्को या दोन जपानी कंपन्या आणि सेवॉन ही कोरियन कंपनी यांच्या हातात होता. 1991 मध्ये आर्चर डॅनियल्स मिडलँड, म्हणजे एडीएम ही अवाढव्य अमेरिकन कंपनी त्यात उतरली. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावी तिने जगातला सर्वांत मोठा लायसिन कारखाना उभा केला. मक्यापासून ग्लुकोज बनवणं हा तिचा जुनाच धंदा, त्यामुळे कच्चा माल घरचा. पाउंडाला सव्वा डॉलरच्या घरात असलेला भाव वर्षा-दीड वर्षात साठ-सत्तर सेंटांवर आला.

आता मेसेजमधला पहिला मुद्दा घ्या, सारख्या भावांचा. भाव कोसळत होते त्या काळातही चारही कंपन्यांचे भाव जवळपास सारखेच होते. ते सारखेच असणार, कारण लायसिनची पिवळसर भुकटी कुठल्याही कारखान्यातली असो, कोंबडीला फरक कळत नाही आणि खाद्य बनवणाऱ्या गिरणीलाही नाही. गिरणीचा खरेदी अधिकारी तीन ठिकाणी फोन करतो आणि सगळ्यांत खालचा भाव बाकीच्या दोघांना ऐकवतो. दोघांना तो द्यावा लागतो, नाहीतर माल गोदामात पडून राहतो. म्हणजे भांडण अगदी जोरात चालू असतानाही भाव एकसारखेच दिसतात. पुढे 1992 च्या अखेरीला भाव डॉलरच्या घरात गेला, तेव्हाही ते सारखेच होते, पण आता संगनमताने. बाहेरून नुसता भावांचा तक्ता बघणाऱ्याला या दोन्हीत फरक सांगता आला नसता.

मग फरक कळतो कशाने? भाव सारखा आहे का, यापेक्षा तो का हलला, हे विचारलं तर. कच्चा माल महागला नाही, मागणी अचानक वाढली नाही, कारखान्यांची बरीचशी क्षमता रिकामी आहे, आणि तरी सगळ्यांचे भाव एका महिन्यात चढले, तर कान टवकारावेत. ज्याच्याकडे रिकामी यंत्रं आहेत त्याला थोडं स्वस्त देऊन गिऱ्हाईक ओढण्याचा मोह व्हायलाच हवा. तो होत नसेल तर का होत नाही, हा प्रश्न. दुसरी खूण म्हणजे बाजारातले वाटे गोठणं. वर्षानुवर्षं प्रत्येकाचा हिस्सा टक्क्याच्या फरकाने तोच राहतो, आणि गिऱ्हाइकाने पुरवठादार बदलायचा म्हटलं की दुसरा «सध्या माल नाही» म्हणून टाळतो. या खुणांवरून चौकशी सुरू होते, संपत नाही. कारण एक कंपनी जाहीरपणे भाव वाढवते आणि बाकीच्या नुसतं बघून मागोमाग जातात, असंही घडतं. ते गिऱ्हाइकाला तितकंच महाग पडतं, पण त्यात करार नसतो आणि बहुतेक कायदे करारालाच पकडतात. मेसेज लिहिणाऱ्याला ही पळवाट वाटेल. मलाही ती पूर्ण पटत नाही, पण एकमेकांकडे बघून भाव ठरवणं बेकायदा करायचं, तर दुकानदाराला डोळे मिटून बसावं लागेल.

दुसरा मुद्दा जास्त रंजक आहे, आणि मेसेज तिथेच सर्वांत जास्त चुकतो. सगळ्यांचा फायदा असतो म्हणून कोणी मोडत नाही, हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण सगळ्यांचा मिळून फायदा आणि एकेकट्याचा फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटा हिशेब करून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते.

पाच कंपन्या आहेत. किलोमागे खर्च 60 रुपये, ठरवलेला भाव 100. प्रत्येकीने महिन्याला 200 टन विकायचे, असं ठरलं. म्हणजे किलोमागे 40 सुटतात आणि महिन्याला प्रत्येकीला 80 लाख मिळतात. आता त्यातली एक दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांना हळूच सांगते, «पावती शंभरचीच करतो, पण वर्षाअखेरीला पाच रुपये परत देतो.» ती 200 ऐवजी 300 टन विकते. सगळ्याच मालावर सूट द्यावी लागली असं धरलं, तरी किलोमागे 35 सुटतात. म्हणजे महिन्याला 1 कोटी 5 लाख. करार पाळण्यापेक्षा 25 लाख जास्त.

हे उघड झालं की बाकीच्या चिडून भाव पाडतात. समजा दोन महिने भाव 65 वर राहिला. तेव्हा किलोमागे 5 रुपये, म्हणजे महिन्याला 10 लाख. दर महिन्याला 70 लाखांचा खड्डा, दोन महिन्यांत 1 कोटी 40 लाखांचा.

आता बघा. चोरी दोन महिन्यांत पकडली गेली, तर कमावले 50 लाख आणि गमावले 1 कोटी 40 लाख. असं कोण करेल? पण चोरी सहा महिने लपली, तर कमावले दीड कोटी आणि गमावले 1 कोटी 40 लाख. म्हणजे शिक्षा भोगूनही दहा लाख वर उरले. करार टिकणार की मोडणार, हे चोरी किती लवकर कळते त्यावर ठरतं. प्रेम, विश्वास, एकाच क्लबातलं गोल्फ यांचा त्यात फारसा वाटा नसतो.

आणि चोरी लवकर कळणं अवघड असतं. वरच्या उदाहरणात एकीने 100 टन जास्त विकले, ते बाकी चौघींच्या वाट्यातून गेले. प्रत्येकीचा खप 200 वरून 175 टनांवर आला. साडेबारा टक्के घट. तिचं कारण काय असेल? कोणी चोरून विकतंय, की या महिन्यात मागणीच कमी आहे, की एखादी गिरणी दुरुस्तीसाठी बंद आहे? पावतीवर तर सगळ्यांचा भाव शंभरच आहे. सूट वर्षाअखेरच्या कागदात आहे, तो कागद गिऱ्हाईक दाखवणार नाही. उलट चतुर गिऱ्हाईक खोटंच सांगतं, की मला पलीकडचा पंच्याण्णवला देतोय. विक्रेत्याला ते खरं वाटलं तर त्याचाही भाव सुटतो. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1964 मध्ये हीच गोष्ट मध्यभागी ठेवली: संगनमताचा मुख्य प्रश्न भाव ठरवण्याचा नाही, तो पाळला जातोय का हे कळण्याचा आहे. पुढे ग्रीन आणि पोर्टर यांनी 1984 मध्ये दाखवलं, की मागणी आपोआप कमी झाली तरी सदस्यांना चोरीचा संशय येतो आणि भावयुद्ध पेटतं. कोणीही चोरी केलेली नसते, तरीही ते पेटवावं लागतं. नाहीतर पुढच्या वेळी खरा चोर म्हणणार, मागणीच कमी होती.

लायसिनवाल्यांचं अगदी हेच झालं. जून 1992 मध्ये मेक्सिको सिटीतल्या हॉटेलात ते भेटले आणि भाव किती करायचा, यावर एकमत झालं. कोणी किती टन विकायचे, यावर मात्र झालं नाही. अजिनोमोटो जुनी, सर्वांत मोठी, तिला पहिला नंबर सोडायचा नव्हता. एडीएमने नुकताच प्रचंड कारखाना बांधलेला, तिला तो रिकामा ठेवायचा नव्हता. प्रश्न पुढे ढकलला. भाव चढले, काही महिने सगळं छान चाललं, आणि 1993 च्या वसंतात पुन्हा घसरले. कोण जास्त विकतंय यावरून एकमेकांवर आरोप सुरू झाले. भाव ठरवून टनांचं ठरवलं नाही, तर प्रत्येकाकडे न विकलेला माल साठतो, आणि ठरलेला भाव दिसतो तितका पक्का राहत नाही.

ऑक्टोबर 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन शहरात एडीएमचा मायकेल अँड्रियास आणि अजिनोमोटोचा काझुतोशी यामादा समोरासमोर बसले. अँड्रियास कंपनीचा उपाध्यक्ष आणि अध्यक्षांचा मुलगा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की आमच्याकडे वापरात नसलेली क्षमता भरपूर आहे, वाढत्या बाजारातला योग्य वाटा मिळाला नाही तर आम्ही माल ओतू. ही धमकी पोकळ नव्हती. आधीची भावघसरण त्याच कारखान्याने केली होती. त्या खोलीत वाटणी ठरली.

वाटणी पाळली जातेय हे कळायला त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक कंपनीने दर महिन्याचा विक्रीचा आकडा अजिनोमोटोच्या कांजी मिमोतोकडे कळवायचा, आणि त्याने सगळ्यांचा हिशेब ठेवायचा. दुसरी गोष्ट मला फार सुरेख वाटते, गुन्हा असूनही. वर्षाअखेरीला ज्याने वाट्यापेक्षा जास्त विकलं असेल, त्याने ज्याचं कमी विकलं गेलं त्याच्याकडून तेवढा माल विकत घ्यायचा. म्हणजे चोरून मिळवलेलं गिऱ्हाईक शेवटी दुसऱ्याच्याच खात्यात जमा. सूट देऊन विकण्यात काही उरतच नाही. वरच्या हिशेबातले 25 लाख अशा एका अटीने पुसले जातात, आणि तेही भावयुद्ध न करता. भाव पुन्हा डॉलरच्या वर गेले आणि या वेळी टिकले.

म्हणजे मेसेज बरोबर ठरला का? इथे तिसरा मुद्दा येतो, बंद दाराचा. मिमोतोच्या त्या हिशेबाकडे दुसऱ्या बाजूने बघा. दर महिन्याचे आकडे, कोणाचा किती वाटा, कोणाचं किती कमी-जास्त, वर्षाअखेरची देवाणघेवाण. करार पाळला जातोय याची सदस्यांना खात्री देणारा प्रत्येक कागद सरकारी वकिलालाही तीच खात्री देतो. नुसता एकदा डोळा मारून भाव वाढवले असते तर सिद्ध करणं महाकठीण होतं, पण नुसत्या डोळा मारण्याने लायसिनचा भाव टिकत नव्हता, हे 1993 मध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. टिकवायचं तर हिशेब हवा, हिशेब हवा तर भेटी हव्यात, वारंवार भेटी हव्यात तर सबब हवी. म्हणून त्यांनी उत्पादकांच्या संघटनेचं पांघरूण घेतलं. अधिकृत बैठकीत पर्यावरण, नियम असले विषय कागदावर, आणि खरं बोलणं हॉटेलच्या दुसऱ्या खोलीत.

त्या दुसऱ्या खोलीत एडीएमच्या जैव-उत्पादन विभागाचा प्रमुख मार्क व्हिटॅकर बसलेला असे, आणि त्याच्याकडे ध्वनिमुद्रण यंत्र असे. नोव्हेंबर 1992 पासून तो एफबीआयचा खबऱ्या होता. तपास सुरू कसा झाला, तेही ऐकण्यासारखं आहे. लायसिनच्या कारखान्यात जपानी स्पर्धकाने घातपात केला आहे आणि पैसे मागितले जात आहेत, असं व्हिटॅकरने वरिष्ठांना सांगितलं होतं. कंपनीने एफबीआयला बोलावलं. घातपात निघाला नाही. पण एजंट घरी आल्यावर व्हिटॅकरने भलतंच सांगितलं: आमच्याकडे भाव ठरवले जातात. कार्टेल पकडायला कोणी आलंच नव्हतं. आणि चोरावर मोर म्हणजे, हा खबऱ्या त्याच काळात कंपनीच्या तिजोरीतून स्वतःसाठी लाखो डॉलर काढत होता. ते उघड झाल्यावर त्याला मिळालेलं संरक्षण गेलं, आणि त्याला बाकीच्यांपेक्षा बराच जास्त काळ तुरुंगात काढावा लागला.

टेपवर काय आहे? जानेवारी 1995 मधल्या अटलांटाच्या बैठकीत रिकाम्या खुर्च्यांवरून थट्टा चालली आहे. ही कोणासाठी, ती कोणासाठी, म्हणत मोठ्या गिऱ्हाइकांची नावं घेतली जातात, आणि एक खुर्ची एफबीआयसाठी. सगळे हसतात. 27 जून 1995 च्या रात्री छापे पडले.

एखादा म्हणेल, हे नशीब, व्हिटॅकरसारखा माणूस दर वेळी कुठे भेटतो? बरोबर आहे. म्हणूनच कायद्याने नशिबावर भिस्त ठेवलेली नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने 1993 मध्ये आपलं माफीचं धोरण बदललं: तपास सुरू होण्याआधी जी कंपनी पहिली येऊन सगळं सांगेल आणि अटी पाळेल, तिला पूर्ण माफी, आपोआप. तिच्या अधिकाऱ्यांनाही. दुसरी आली तर फार तर दंडात सवलत. युरोपने 1996 मध्ये असंच काहीसं सुरू केलं, 2002 मध्ये ते आणखी धारदार केलं, आणि नंतर अनेक देशांनी तोच मार्ग धरला. आपल्याकडचा माफीचा साक्षीदार सगळ्यांना माहीत आहे, पण इथली खुबी वेगळी आहे. माफी एकालाच, आणि ती पहिल्या क्रमांकाला. त्यामुळे प्रत्येक सदस्याला नुसतं «मी बोलू का?» हे ठरवायचं नसतं, «माझ्याआधी दुसरा बोलला तर?» हेही मोजायचं असतं. एखाद्या कंपनीत नवा मालक आला, जुन्या अधिकाऱ्याला काढलं, दुसऱ्या मालात चौकशी लागली, की हा हिशेब बदलतो. बाकीच्यांना ते कळतं, आणि त्यांचाही बदलतो.

इथे एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगितली पाहिजे. चोरून विकण्यामुळेच सगळी कार्टेलं पडतात, असं पाठ्यपुस्तकातल्या हिशेबावरून वाटतं, पण पकडल्या गेलेल्या कार्टेलांचा इतिहास तसं सांगत नाही. मार्गारेट लेव्हेनस्टाइन आणि व्हॅलरी सस्लो या अर्थशास्त्रज्ञांनी अशी बरीच प्रकरणं एकत्र तपासली. सरासरी आयुष्य पाच वर्षांच्या आसपास निघतं, पण ती सरासरी फसवी आहे: काही करार वर्षही काढत नाहीत, काही दहा वर्षांच्या पुढे जातात. मोडण्याची मोठी कारणं म्हणजे बाहेरून नवा उत्पादक येणं आणि वाट्यांवरून न मिटणारी भांडणं. जे टिकतात ते लायसिनवाल्यांसारखी मोजणी आणि भरपाईची व्यवस्था लावतात, म्हणून टिकतात. मेसेज लिहिणाऱ्याला ज्या पक्क्या एकजुटीची खात्री आहे, ती असते, पण फुकट मिळत नाही. तिच्यासाठी जवळजवळ एक गुप्त कार्यालय चालवावं लागतं.

नव्या उत्पादकाचा धोका मात्र कुठलंच कार्यालय टाळू शकत नाही, कारण तो कार्टेलच्या यशातूनच येतो. खर्चाच्या दीडपट भाव मिळतोय असं दिसलं, की बाहेरच्याला तिथे कारखाना टाकावासा वाटतो. एडीएम स्वतः अशीच आली होती. सव्वा डॉलरचा भाव तिला बोलावत होता. क जीवनसत्त्वाचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. रोश, मर्क, बीएएसएफ आणि ताकेदा या कंपन्यांनी 1991 पासून त्याचा भाव धरून ठेवला. चिनी कारखान्यांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती आणि ती घेण्याची त्यांना गरजही नव्हती. ते ठरलेल्या भावाखाली विकत राहिले, वाढत राहिले. भाव धरण्यासाठी चौघांना स्वतःचं उत्पादन कापावं लागत होतं, आणि कापलेल्या प्रत्येक टनाची जागा चिनी माल घेत होता. 1995 मध्ये तो करार संपला. कोणी छापा घातला नाही, कोणी फितूरही झालं नाही.

राहिला दंड. हा मेसेजमधला सर्वांत खरा मुद्दा आहे, म्हणून तो उडवून लावणार नाही. ऑक्टोबर 1996 मध्ये एडीएमने गुन्हा कबूल केला आणि 10 कोटी डॉलर भरले: 7 कोटी लायसिनसाठी, 3 कोटी सायट्रिक आम्लासाठी, कारण तिथेही तिने हेच केलं होतं. त्या वेळी हा अमेरिकेतल्या अशा प्रकरणातला विक्रमी दंड होता. तरी एडीएमच्या आकारापुढे तो मोठा नव्हता. युरोपीय आयोगाने 2000 मध्ये लायसिनच्या कंपन्यांना मिळून जवळपास 11 कोटी युरोंचा दंड केला. हा पैसा भागधारकांच्या खिशातून जातो, आणि पकडलं जाण्याची शक्यता निम्मीही नसेल तर दंड नफ्याच्या दुपटीहून मोठा असावा लागतो. तो क्वचितच असतो.

पण माणसांचं गणित वेगळं असतं. सप्टेंबर 1998 मध्ये अँड्रियास, एडीएमचाच आणखी एक अधिकारी टेरन्स विल्सन आणि व्हिटॅकर दोषी ठरले. अँड्रियासला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि 2000 मध्ये अपील न्यायालयाने ती कमी करण्याऐवजी तीन वर्षांवर नेली. कंपनी दंड भरून धंदा चालू ठेवते. त्या खोलीत बसणारा माणूस तसं करू शकत नाही. 2004 मध्ये अमेरिकेने या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून दहा केली.

«पुन्हा चालू» याचंही एक अस्सल उदाहरण आहे. सायट्रिक आम्लाच्या प्रकरणात रोशने 1997 मध्ये गुन्हा कबूल करून 1 कोटी 40 लाख डॉलर भरले. त्याच वेळी ती जीवनसत्त्वांची अनेक कार्टेलं चालवत होती, आणि तपास अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तिच्या एका बड्या अधिकाऱ्याने, कुनो सोमरने, तसं काही नाही असं सांगितलं. इथपर्यंत मेसेज अक्षरशः खरा आहे. पुढे 1999 मध्ये रोशची जुनी जोडीदार, फ्रान्सची रोन-पुलांक, न्याय खात्याकडे गेली आणि सगळं सांगून बसली. मे महिन्यात रोशने 50 कोटी डॉलर आणि बीएएसएफने साडेबावीस कोटी डॉलर दंड मान्य केला. सोमर चार महिन्यांसाठी तुरुंगात गेला. रोन-पुलांकला अमेरिकेत त्या गुन्ह्यासाठी एक डॉलरही दंड झाला नाही.